‘पंप इज रनिंग गुड’: गुड की वेल, क्विक की क्विकली, हे तपासायचं कसं

आमच्याकडे सर्व्हिस इंजिनिअर ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन येतात आणि संध्याकाळी इंग्रजीत व्हिजिट रिपोर्ट पाठवतात. ते रिपोर्ट ग्राहकाकडे जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. आकडे, पार्ट नंबर, तारखा यांत सहसा चूक नसते, माणसं कामात पक्की आहेत. पण एक दोष जवळपास रोज येतो. जिथे क्रियाविशेषण हवं तिथे विशेषण बसलेलं असतं: ‘मोटर इज रनिंग गुड’, ‘ऑपरेटर शुड रिस्पॉन्ड क्विक’. हा दोष शोधायचा आणि काढायचा क्रम आता माझ्या हाताला बसला आहे. सोपं आणि फुकटचं आधी, डोकं लागणारं नंतर.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम गप्प राहतो. गुड आणि क्विक हे दोन्ही शब्द अस्सल आहेत, स्पेलिंग बरोबर आहे, मग तो लाल रेघ कशाला मारेल? म्हणून ‘लाल रेघ नाही, म्हणजे रिपोर्ट साफ’ असं धरू नका.

दुसरं लक्षण, वाक्याचा शेवट गुड, क्विक, स्मूथ, प्रॉपर अशा शब्दावर होतो आणि त्याच्या आधी एखादी कृती असते: रनिंग, वर्किंग, क्लोज्ड, इन्स्टॉल्ड. ‘द कपलिंग वॉज नॉट अलाइन्ड प्रॉपर’ हे याच जातीचं.

तिसरं लक्षण उलट्या बाजूचं आहे, आणि ते नेमकं एकदा चूक दाखवून दिलेल्या माणसाच्या लिखाणात सापडतं. तो घाबरून सगळीकडे ‘ली’ लावत सुटतो. मग ‘बेअरिंग फील्स नॉर्मली’, ‘द ऑइल लुक्स क्लीनली’ अशी वाक्यं येतात. कधीकधी ‘फास्टली’ हा इंग्रजीत नसलेला शब्दही दर्शन देतो. दोन्ही दोषांचं मूळ एकच आहे, त्यामुळे तपासणीही एकच.

मूळ कुठे आहे हे आधी सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. आपण म्हणतो, ‘पंप चांगला चालतो’, ‘मोटर चांगली चालते’, ‘मशीन चांगलं चालतं’. इथे वर्णन चालण्याचं आहे, पण शब्द मात्र पंपाच्या, मोटरच्या, मशीनच्या लिंगाप्रमाणे बदलतो, अगदी विशेषणासारखा. ‘पंप चांगला आहे’ मध्येही तोच ‘चांगला’. मराठीला या दोन जागांसाठी दोन वेगळे शब्द लागत नाहीत. इंग्रजीला लागतात: वस्तू कशी आहे ते सांगायला गुड, काम कसं होतं ते सांगायला वेल. डोक्यात ‘चांगला’ आला की हात गुड लिहून मोकळा होतो.

आधी शोधून काढा

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. Ctrl+F दाबा आणि एकेक शब्द शोधा. हा दोष शेकडो शब्दांत पसरत नाही, ठरावीक पाच-सहा शब्दांतच घर करतो. आमच्या रिपोर्टांसाठी माझी यादी अशी आहे:

```
good
quick
smooth
proper
regular
timely
```

पूर्ण शब्द शोधण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर ‘फिनिश्ड गुड्स’ आणि आधीच बरोबर असलेलं क्विकली हेही प्रत्येक वेळी समोर येऊन उभे राहतील. बेटर आणि बेस्ट यादीत घेऊ नका. गुड आणि वेल या दोघांचीही तुलनेची रूपं तीच आहेत, त्यामुळे ‘रन्स बेटर’ लिहिणारा या दोषापुरता सुरक्षित असतो.

यादीतल्या शेवटच्या शब्दाकडे जरा थांबतो. टाइमली हा शब्द ‘ली’ने संपतो, म्हणून तो क्रियाविशेषण आहे असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. ‘प्लीज रिप्लाय टाइमली’ हे वाक्य आपल्या ऑफिसांमधून रोज जात असेल. पण प्रमाण इंग्रजीत टाइमली हे विशेषण आहे, फ्रेंडली आणि कॉस्टली यांच्यासारखं. ‘अ टाइमली रिप्लाय’ चालतं. क्रियेला जोडायचं असेल तर ‘ऑन टाइम’, ‘इन टाइम’ किंवा ‘प्रॉम्प्टली’ लिहायचं. थोडक्यात, शेपूट बघून जात ठरवू नये.

उजवीकडे बघा

सापडलेल्या प्रत्येक शब्दाच्या उजवीकडे नजर टाका. तो ज्याचं वर्णन करतो ते नाम लगेच पुढे बसलं आहे का? ‘गुड कंडिशन’, ‘क्विक रिप्लाय’, ‘रेग्युलर मेंटेनन्स’. असेल तर विशेषण बरोबर जागी आहे, पुढे चला. ही तपासणी इतक्या आधी ठेवण्याचं कारण म्हणजे सापडलेल्या जागांपैकी बऱ्याचशा इथेच निकालात निघतात आणि कठीण तपासणीसाठी मोजक्याच उरतात.

नमुना म्हणून एक जोडी लक्षात ठेवा. ‘शी स्पीक्स गुड इंग्लिश’ बरोबर आहे, कारण गुड हे इंग्लिश या नामाचं विशेषण आहे. ‘शी स्पीक्स इंग्लिश गुड’ चूक आहे, कारण आता गुडच्या पुढे काहीच नाही आणि तो बोलण्याचं वर्णन करायला उभा राहिला आहे. तिथे वेल हवा. शब्द तेच, फक्त जागा हलली.

क्रियापद काढून ‘इज’ बसवा

आता उरले ते शब्द, ज्यांच्या पुढे नाम नाही. इथेच सगळा गोंधळ होतो, म्हणून इथे घाई नको.

‘वेल की गुड’ हा प्रश्न विचारण्याआधी मागचं क्रियापद बघायचं. इंग्रजीत काही क्रियापदं कृती सांगत नाहीत, ती फक्त कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडतात: इज, सीम्स, बिकम्स, रिमेन्स, आणि इंद्रियांची लुक्स, साउंड्स, फील्स, स्मेल्स, टेस्ट्स. यांच्यानंतर विशेषणच येतं. ‘द मोटर साउंड्स गुड’ म्हणजे मोटरचा आवाज चांगला आहे. मोटर काही आवाज काढण्याचं काम चांगल्या प्रकारे करत नाहीये.

तपासायला सोपी युक्ती आहे. क्रियापदाच्या जागी ‘इज’ ठेवून वाक्य वाचा. अर्थ साधारण तोच राहिला तर विशेषण ठेवा. ‘द ऑइल लुक्स क्लीन’ चं ‘द ऑइल इज क्लीन’ झालं, अर्थ टिकला, म्हणून क्लीन बरोबर आणि क्लीनली चूक. ‘द ऑपरेटर क्लोज्ड द व्हॉल्व्ह क्विक’ मध्ये इज बसवायला गेलात तर वाक्यच मोडतं. म्हणजे क्लोज्ड ही खरी कृती आहे आणि तिला क्विकली हवं.

ज्यांना इंग्रजी वाक्य कानाला बरोबर लागतंय की नाही याचा भरवसा वाटत नाही, त्यांना मी दुसरी युक्ती सांगतो. ती मराठीतच चालते. मनातल्या मराठी वाक्यात ‘चांगला’ काढून ‘चांगल्या प्रकारे’ घाला. ‘पंप चांगल्या प्रकारे चालतो’, अर्थ तोच, म्हणून वेल. ‘सूप चांगल्या प्रकारे लागतं’, असं कोणी म्हणत नाही, म्हणून ‘टेस्ट्स गुड’. क्विकसाठी ‘झटपट’ आणि ‘पटकन’ वापरा. मनातला शब्द ‘पटकन’ असेल, तर लिहिण्यात क्विकली. ‘झटपट उत्तर’ सारखं नामाला चिकटलेलं असेल, तर क्विक.

ही मराठी युक्ती एका ठिकाणी फसते, ते माहीत असलेलं बरं. ‘गेज चांगल्या प्रकारे दिसतो’ हे मराठीत बिनतक्रार चालतं, पण त्याचा अर्थ गेज स्पष्ट दिसतो, म्हणजे तो वाचता येतो. इंग्रजीत तिथे लुक्स नसतंच. ‘द गेज कॅन बी सीन क्लिअर्ली’ असं वेगळं वाक्य लागतं. ‘दिसणे’ आणि ‘वाटणे’ ही आपली क्रियापदं दोन-दोन कामं करतात. ती मनात आली की मराठी युक्ती सोडा आणि इज बसवून बघा.

इंद्रियांची क्रियापदं कधीकधी खरी कृतीही सांगतात. ‘द इंजिनिअर लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसत होता. ‘द इंजिनिअर लुक्ड अँग्रिली अॅट द ऑपरेटर’ म्हणजे त्याने रागाने बघितलं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, अर्थ वेगळे आहेत. म्हणूनच क्रियापदांची यादी पाठ करून काम भागत नाही, दर वेळी इज बसवून बघावं लागतं.

आणि ‘आय अॅम गुड की आय अॅम वेल’ यावर ज्यांची भांडणं होतात, त्यांच्यासाठी: इथे दोन्ही चालतात. इज-अॅम-आर नंतर विशेषण येतं, आणि ‘तब्येतीने ठीक’ या अर्थाने वेल हेसुद्धा विशेषणच आहे. कोणी ‘हाऊ आर यू’ विचारल्यावर ‘आय अॅम गुड’ म्हटलं तर ते अनौपचारिक आहे, चूक नाही. तो शब्द दुरुस्त करायला जाऊ नका. ‘डू गुड’चंही तसंच. तिथे गुड हे नाम आहे, अर्थ परोपकार. ‘ही डिड वेल’ म्हणजे त्याने काम चांगलं केलं, ‘ही डिड गुड’ म्हणजे त्याने लोकांचं भलं केलं.

कृतीचा परिणाम सांगणारा शब्द

दुरुस्ती करणाऱ्याचा हात जास्त चालला की तो नेमका इथे बरोबर वाक्य बिघडवतो. ‘वाइप द सेन्सर क्लीन’ हे वाक्य बघा. वाइप ही कृती आहे, त्यानंतर शेवटी विशेषण आहे, म्हणजे वरच्या नियमाने क्लीनली हवं, असं वाटतं. पण क्लीन इथे पुसण्याचं वर्णन करतच नाही. पुसल्यावर सेन्सर कसा होईल, ते सांगतो. पुसा, इतकं की तो स्वच्छ होईल. ‘कीप द फिल्टर ड्राय’, ‘लीव्ह द व्हॉल्व्ह ओपन’, ‘मेक इट क्विक’ ही याच घरातली.

इथली कसोटी अशी: कर्म आणि विशेषण यांच्यामध्ये इज घाला. ‘द सेन्सर इज क्लीन’, ‘द व्हॉल्व्ह इज ओपन’, कामानंतरची स्थिती बरोबर सांगितली जाते, म्हणून विशेषण राहू द्या. ‘ही क्लोज्ड द व्हॉल्व्ह क्विक’ ला हीच कसोटी लावली तर ‘द व्हॉल्व्ह इज क्विक’ मिळतं. बंद केल्यामुळे व्हॉल्व्ह काही चपळ होत नाही, तेव्हा क्विकली.

‘ली’ न लावणारी मंडळी

फास्ट, हार्ड, लेट, स्ट्रेट हे शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण अशी दोन्ही कामं एकाच रूपात करतात. फास्टली नाही. हार्डली आणि लेटली आहेत, पण त्यांचे अर्थ निराळे: ‘ही वर्क्ड हार्डली’ असं लिहिलंत, तर मेहनती माणसाने जेमतेमच काम केलं असा सूर लागतो, आणि ‘ही केम लेटली’ म्हणजे तो उशिरा नव्हे, अलीकडे आला. अप्रेझलच्या कागदात हे फार महागात पडेल.

यामागे जुनी गोष्ट आहे. जुन्या इंग्रजीत बऱ्याच विशेषणांना शेवटी एक ‘ए’ जोडून क्रियाविशेषण करत. पुढे तो शेवटचा स्वर उच्चारातून गळाला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. दुसरीकडे ‘ली’ वाली पद्धत वाढत गेली. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी बिनशेपटीच्या रूपांवर डोळे वटारले. रॉबर्ट लोथ यांनी 1762 सालच्या आपल्या व्याकरणात अशा वापराला अयोग्य म्हटलं. तरी ती रूपं मेली नाहीत. म्हणून इंग्रजी रस्त्यांवर ‘ड्राइव्ह स्लो’ दिसतं, आणि अॅपलने 1997 मध्ये ‘थिंक डिफरंट’ अशी जाहिरात केली तेव्हा तिथे डिफरंटली हवं होतं की नाही यावर व्याकरणवाल्यांना विषय मिळाला.

क्विक याच सीमेवर राहतो. ‘कम क्विक!’ हे बोलण्यात अगदी सहज चालतं, शब्दकोशही त्याची क्रियाविशेषण म्हणून नोंद घेतात, पण अनौपचारिक असा शिक्का मारून. माझा नियम साधा आहे: व्हॉट्सअॅपवर क्विक दिसला तर मी त्याला हात लावत नाही, रिपोर्टमध्ये दिसला तर क्विकली करतो. गुडला मात्र ही सवलत नाही. ‘वर्क्स गुड’ अमेरिकन बोलण्यात ऐकू येतं, पण कामाच्या लिखाणात ते ढिसाळ समजलं जातं.

बदल केल्यावर जागा तपासा

गुड काढून वेल टाकला की काम संपलं, असं नाही. वेल आणि क्विकली यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या आहेत. क्विकली क्रियापदाच्या आधी बसू शकतो: ‘ही क्विकली क्लोज्ड द व्हॉल्व्ह’. वेल तसा बसत नाही. ‘दे वेल मेंटेन द पंप’ चूक, ‘दे मेंटेन वेल द पंप’ही चूक. कर्म आधी, वेल नंतर: ‘दे मेंटेन द पंप वेल’. फक्त कर्मणी रचनेत तो मध्ये येतो: ‘द पंप इज वेल मेंटेन्ड’. मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येतं, ‘पंप चांगला राखतात’, म्हणून ही चूक आपल्याकडून सहज होते.

एक रिपोर्ट, ओळीने

एका रिपोर्टातली वाक्यं घेतो. सील बदलण्याचं काम होतं.

‘द पंप इज रनिंग गुड आफ्टर सील रिप्लेसमेंट.’ गुडच्या पुढे नाम नाही. रनिंग ही कृती. इथे ‘इज’ दिसतो म्हणून फसू नका, तो रनिंगचा मदतनीस आहे. वेल.

‘द साउंड इज ऑल्सो गुड.’ इथे इज एकटा आहे, जोडणारा आहे. गुड बरोबर, हात लावायचा नाही.

‘बेअरिंग फील्स नॉर्मली टू टच.’ हाताला बेअरिंग नॉर्मल लागतं, बेअरिंगला स्वतःला काही जाणवत नाही. इज बसवलं की ‘बेअरिंग इज नॉर्मल’. म्हणून नॉर्मल करा. जाता जाता टच आधी ‘द’ घाला.

‘वी वाइप्ड द साइट ग्लास क्लीन.’ परिणाम सांगणारं विशेषण. तसंच ठेवा.

‘ऑपरेटर क्लोज्ड द डिलिव्हरी व्हॉल्व्ह टू क्विक.’ टू क्विकली. अख्ख्या रिपोर्टात हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण चालू लाइनचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की पाइपमध्ये दाबाचा धक्का बसतो, वॉटर हॅमर, आणि जोड आणि सील त्याचे बळी ठरू शकतात. इथे क्विकली तर केलंच, पण इंजिनिअरला फोन करून ‘किती सेकंदांत बंद केला’ तेही विचारलं आणि आकडा रिपोर्टात घातला.

‘प्लीज सेंड द पर्चेस ऑर्डर क्विक.’ व्याकरणाने क्विकली. पण ग्राहकाला क्विकली म्हणणं जरा हुकमी वाटतं, शिवाय त्यातून कधी ते कळत नाही. मी ते काढून ‘बाय फ्रायडे’ लिहिलं. बऱ्याचदा योग्य क्रियाविशेषण शोधण्यापेक्षा तारीख लिहिणं बरं.

कुठे थांबायचं

करारनामा, टेंडर, वॉरंटीच्या अटी यांत हा दोष दिसला तरी स्वतः बदलू नका. ‘द सप्लायर शॅल प्रॉम्प्टली डिलिव्हर अँड इन्स्टॉल’ या वाक्यात प्रॉम्प्टली फक्त डिलिव्हरीला लागू आहे की बसवण्यालाही, यावर वाद होऊ शकतो. तुम्ही शब्द सरकवलात तर जबाबदारी सरकते. ओळीला खूण करा आणि वकिलाकडे द्या. सही झालेल्या कागदात तर ‘गुड’चा ‘वेल’ही करायचा नाही.

कोणाचं बोलणं अवतरणात असेल, घोषवाक्य असेल, किंवा कथेतलं पात्र तसं बोलत असेल, तर तो दोष नाहीच. पुस्तक छापायला जाणार असेल तर इंग्रजीच्या संपादकाला दाखवा, कारण कुठल्या पात्राच्या तोंडी क्विक ठेवायचा आणि निवेदनात कुठे क्विकली करायचा, हे पूर्ण हस्तलिखितात एकाच हाताने ठरायला हवं.

आणि एखाद्या रिपोर्टात प्रत्येक वाक्यात काळ, वचन, शब्दक्रम सगळंच डळमळलेलं असेल, तर गुड आणि वेल शोधत बसू नका. मी असा रिपोर्ट परत पाठवतो आणि इंजिनिअरला सांगतो, मराठीत लिहून दे. मग तो मराठी मजकूर आमच्याकडच्या भाषांतरकाराकडे जातो.